तंबोऱ्यात अडकलेले तंतू

वेणीमाधवबुवांच्या घरी कुठलंही बोलणं पाठ करायचं झालं की ते बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली उभं राहूनच करायचं, असा रिवाज होता. बुवा कीर्तनकार. त्यांची सगळी आख्यानं तिथेच घोळवून तयार झालेली. शिवाय पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दुसरी मोकळी जागा नव्हतीच. त्यामुळे मुलगी यशश्री आपला सेमिनार पाठ करायला उभी राहिली तीही तिथेच. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, विषय मटेरियल्स. समोर श्रोते दोन: मांडी घालून बसलेले बुवा आणि मेथी निवडत बसलेली आई, उत्तरा.

“आदरणीय सानप सर आणि माझ्या वर्गमित्रांनो,” यशश्रीने हातातले कागद पाठीमागे धरले. “आज मी कार्बन तंतूंच्या कंपोझिट कचऱ्याचा पुनर्वापर या विषयावर—”

“थांब,” बुवा म्हणाले. “एवढ्या मोठ्या नावाला श्रोता पान लावायला बाहेर उठून जाईल. आधी सांग, हे असतं काय?”

“बाबा, वर्गात सगळ्यांना माहीत असतं.”

“माहीत असलेलंच ऐकायला लोक माझ्याकडे येतात. सांग.”

यशश्रीने सांगितलं. केसापेक्षा कितीतरी बारीक असा काळा तंतू असतो, निव्वळ कार्बनचा. अशा हजारो तंतूंचं कापड विणायचं, त्याच्या थरांत रेझिन, म्हणजे चिकट राळ, भरायची आणि तापवून कडक करायची. होतो तो पत्रा लोखंडापेक्षा फार हलका आणि वजनाच्या मानाने फार मजबूत. विमानात लागतो, कृत्रिम पायात लागतो. तिचा आत्तेभाऊ मयुरेश अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये असेच भाग बनवायचा. भाग कापताना कडेचे तुकडे उरत. रेझिन लावून आलेलं कापड फ्रीजरमध्ये ठेवावं लागे आणि मुदत संपली की तेही टाकून द्यावं लागे. शेडच्या मागे त्याचा ढीग झाला होता.

“मग वितळवून परत वापरायचं,” बुवा म्हणाले.

“वितळत नाही ना! तेच तर. प्लास्टिकची बादली वितळते. हे रेझिन एकदा पक्कं झालं की संपलं.”

“पोळीसारखं,” आई मेथीतून मान वर न करता म्हणाली. “भाजली की तिची परत कणीक होत नाही.”

यशश्री थांबली. कागद पुढे घेऊन तिने समासात ‘पोळी’ असं लिहिलं.

“घ्या,” बुवा हसले. “मी इतकी वर्षं कीर्तन करतोय, आणि दृष्टांत हिला सुचला.”

“तुमच्या कीर्तनातले निम्मे दृष्टांत माझेच आहेत,” उत्तराबाई म्हणाल्या. “नाव तुमचं होतं, एवढंच.”

यशश्रीला मात्र हसण्याइतकी उसंत नव्हती. कॉलेजात नायट्रोजनची नळी जोडता येईल अशी भट्टी एकच होती. ती वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिलाही हवी होती आणि जीवनच्या गटालाही. जीवन घोटीहून रोज एसटीने यायचा. त्याला मिश्रधातूचे तुकडे तापवून त्यांची कणरचना बघायची होती. सानप सरांनी सरळ सांगितलं होतं, “दोघेही सेमिनार द्या. ज्याचा विषय प्रश्नांपुढे उभा राहील, भट्टी त्याची. दुसऱ्याने साधा विषय घ्यायचा.” साधा विषय म्हणजे जुन्या मुलांच्या प्रोजेक्टची थोडी फिरवाफिरव. यशश्रीला ते नको होतं. मयुरेशदादाच्या शेडमागचा तो ढीग बघितल्यापासून तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

तिने पुढे म्हणून दाखवलं. कचऱ्याचे तीन मार्ग. एक, दळून भुकटी करायची आणि दुसऱ्या मालात भर म्हणून घालायची. सोपं, पण लांब तंतूची किंमत मातीत जाते. दोन, रसायनात रेझिन विरघळवायचं. तंतू चांगला निघतो, पण उरलेल्या रसायनाचं काय करायचं हा प्रश्न राहतो. तीन, हवा न लागू देता तापवायचं. नायट्रोजनमध्ये, पाचशे अंशांच्या आसपास, रेझिनचा वायू आणि तेल होऊन जातं. तंतूवर काजळीचा थर राहतो. तो काढायला थोडा वेळ हवा द्यायची. हवा जास्त वेळ दिली तर काजळीबरोबर तंतूही जळायला लागतो, कारण तोही कार्बनच.

“इथे छान आहे,” बुवा म्हणाले. “किती द्यायचं आणि कुठे थांबायचं. इथे जरा सावकाश बोल.”

“आणि शेवटी मी हे दाखवणार.” तिने पर्समधून एक कागदी पुडी काढली. प्रयोगशाळेतल्या भट्टीत तिने मयुरेशदादाचे तुकडे जाळून बघितले होते. नायट्रोजनचा सिलिंडर प्रोजेक्ट मंजूर झाल्याशिवाय मिळत नव्हता, म्हणून उघड्या हवेतच. रेझिन गेलं आणि पुडीत उरला काळाभोर, मऊ पुंजका.

“अगदी लोकर,” आई म्हणाली.

“नुसता हातात धरून काय दाखवतेस?” बुवा उठले. कीर्तनात शेवटी बुक्का लावताना येतो तसा उत्साह त्यांच्या चेहऱ्यावर आला. “मागच्या बाकावरच्याला दिसलं पाहिजे. जरासा सोडवून पंख्याखाली उडव. किती हलका आहे ते बोलावंच लागणार नाही.”

यशश्रीने पुंजका बोटांनी पिंजला आणि वर सोडला. पंख्याच्या वाऱ्यात ते तंतू पसरले. खिडकीतून आलेल्या उन्हात क्षणभर प्रत्येक तंतू वेगळा चमकला आणि मग दिसेनासा झाला.

“अगं, मेथीत पडलं सगळं!” आई ओरडली.

“स्वच्छ आहे, आई. निरुपद्रवी आहे.” आणि तिने शेवटची वाक्यं म्हणून टाकली: “असा हा नव्याइतकाच मजबूत, स्वच्छ आणि निरुपद्रवी तंतू आपल्याला कचऱ्यातून परत मिळतो. धन्यवाद.”

बुवांनी टाळी वाजवली. आईने मेथीची जुडी उचलून स्वयंपाकघरात नेली आणि चार पाण्यांनी धुतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुवांचं कीर्तन होतं, जवळच्याच मंदिरात. निघण्याआधी सूर लावून बघावा म्हणून त्यांनी फळीवरची तंबोऱ्याची पेटी सुरू केली. खरा तंबोरा घेऊन फिरणं त्यांच्या खांद्याला झेपेनासं झाल्यापासून त्यांनी ही विजेवर चालणारी पेटी घेतली होती. बटण दाबलं की षड्ज-पंचम अखंड वाजत राहायचा. आज बटण दाबल्यावर आधी खरखर आली, मग एक घसरता सूर, आणि मग पेटी भलत्याच पट्टीत रडायला लागली.

“हिला काय झालं?” बुवांनी पेटीवर चापटी मारली. पेटी गप्प झाली.

“मारू नका, थांबा.” यशश्रीने स्क्रूड्रायव्हर आणला. बुवा घड्याळाकडे बघत चिपळ्या पिशवीत भरत राहिले.

पेटीच्या पाठीला आवाज बाहेर यायला बारीक भोकं होती. झाकण निघालं. आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर तिने टॉर्च धरला. काही दिसेना. टॉर्च तिरका केला तेव्हा दिसलं. दोन डागकामांच्या मध्ये, आडवा, एक काळा तंतू. पलीकडे आणखी दोन. एक तर पुलासारखा तीन रेघांवरून गेलेला.

कार्बन तंतूतून वीज जाते हे तिला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते उत्तर होतं. हे समोर होतं.

मऊ ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून तिने एकेक तंतू उचलला आणि ओल्या कापसावर टिपला. झाकण लावलं, बटण दाबलं. षड्ज स्वच्छ लागला.

“वा!” बुवा म्हणाले. “काय होतं?”

“तुम्ही उडवायला सांगितलं होतं ना, ते.”

“अरेच्चा!” बुवांनी कपाळाला हात लावला. “म्हणजे माझ्याच दृष्टांताने माझा तंबोरा बंद पाडला.” आणि ते मोकळेपणाने हसत पेटी घेऊन निघाले. “चल, येतेस ना?”

ती गेली. पण कीर्तनात तिचं लक्ष लागेना. षड्ज-पंचम वाजत होता आणि तिला प्रयोगशाळेतली भट्टी दिसत होती. तुकडे जाळले त्या दिवशी तिने ट्रे बाहेर काढला आणि तिथेच, भट्टीशेजारी, चिमट्याने पुंजका सोडवला होता. भट्टीच्या बाजूला तापमान ठरवणारी पेटी. तिलाही वारा लागावा म्हणून भोकं. दुसऱ्याच दिवसापासून तिच्यावरचे आकडे वेडेवाकडे यायला लागले होते. भट्टी गार असताना पेटी आठशे दाखवायची. प्रयोगशाळेचे सहायक पुंजामामा म्हणाले होते, “लाईटचा झटका बसला आसंल.” सगळ्यांनी मान डोलावली होती. तिनेही.

जीवनचे चाचणीचे तुकडे तेव्हापासून पडून होते.

कीर्तन संपल्यावर बापलेक चालत घरी निघाले. बुवांच्या हातात नारळ होता.

“बाबा, आख्यानातला एखादा प्रसंग गाळला तर चालतं?”

“वेळ कमी असला की गाळतोच की. लग्नाचं वर्णन गाळतो, सैन्याचं गाळतो.”

“आणि श्रोत्यांना माहीतच नसलेला असेल तर?”

बुवांनी तिच्याकडे बघितलं. “कुठला प्रसंग आहे?”

तिने भट्टीचं सांगितलं. “हे बोलले तर भट्टी जीवनला जाणार. तो बिचारा माझ्यामुळे खोळंबलाय. आणि सर म्हणतील, जिला एक पुंजका सांभाळता येत नाही तिला भट्टी कशाला? नाही बोलले तर कुणाला कळणार नाही. पेटी दुरुस्तीला जाईल, झालं. तंतू उडवायचा नाही, एवढं पथ्य मी पाळीन.”

बुवा थोडं चालले. “मी तुला बोल असंही सांगणार नाही आणि नको असंही नाही. ते तुझं शास्त्र, तुझे सर. मी फक्त माझ्या धंद्यातलं सांगतो. पूर्वरंगात आपण एक गोष्ट मांडतो, आणि उत्तररंगात तिचीच कथा सांगतो. तू पूर्वरंगात म्हणतेस, या कचऱ्याचं नीट काहीतरी केलं पाहिजे. का केलं पाहिजे?”

“कारण तो—” ती थांबली. तिच्या लिहिलेल्या भाषणात इथे ‘मौल्यवान आहे’ असं होतं. फक्त तेवढंच होतं.

“ते सापडलं की काय गाळायचं ते आपोआप कळतं,” बुवा म्हणाले. “नारळ धर जरा, हात भरून आला.”

सेमिनारच्या सकाळी बुवांनी तिला देवापुढे उभं करून कपाळाला बुक्का लावला. ती तशीच कॉलेजात गेली. वर्गाच्या दारातच जीवन भेटला.

“काय गं, कार्बन कपाळाला लावून आलीस? प्रॅक्टिकलचे मार्क वेगळे आहेत का?”

“तुझा सेमिनार झाला का?”

“झाला की. सर एकदाच हसले. ते पण माझ्या इंग्रजीला.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “चांगला दे. पण लय चांगला नको.”

तिचं नाव पुकारलं गेलं. सानप सर मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. यशश्रीने टेबलावर तीन वस्तू मांडल्या: तो काळा पुंजका घालून बूच घट्ट लावलेली काचेची बाटली, टॉर्चमधून काढलेले सेल आणि छोटा दिवा.

कंपोझिट म्हणजे काय ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. पोळीचा दृष्टांत दिला. मागून कुणीतरी “भूक लागली” म्हणालं आणि वर्ग हसला. मग ती म्हणाली, “हा कचरा गाडला तर कुजत नाही. चांगला महागातला तंतू मातीत जातो. हे सगळे सांगतात. मला दुसरं एक सांगायचंय.”

बाटलीच्या बुचातून तिने आधीच दोन तारा आत घालून पुंजक्याच्या दोन बाजूंना दाबून बसवल्या होत्या. एक तार तिने सेलला लावली, दुसरी सेलच्या दुसऱ्या टोकाला जोडलेल्या दिव्याला. पुंजक्यातून वीज गेली. दिवा मंद, पण लागला.

वर्गात जराशी चुळबूळ झाली.

“परवा माझ्या घरी हा तंतू मी पंख्याखाली उडवला. तो माझ्या बाबांच्या तंबोऱ्याच्या पेटीत गेला आणि तिचा सूर गेला. उघडल्यावर आत तंतू सापडले. म्हणून हा कचरा नुसता दळून चालत नाही आणि कुठेही जाळूनही चालत नाही. अर्धवट जळाला की तंतू मोकळे होतात, उडतात, आणि जिथे वीज आहे तिथे जाऊन बसतात. त्वचेला खाज आणतात ते वेगळंच. बंद जागेत, गाळून, ओला करून हाताळायला हवा.” तिने श्वास घेतला. समोर जीवन बसला होता. “आणि सर, माझा अंदाज आहे की आपल्या भट्टीच्या पेटीचे आकडे त्यामुळेच बिघडलेत. मी तिथेच तंतू सोडवले होते. लाईटचा झटका नसावा.”

जीवन बाकावर सरळ झाला.

“म्हणजे माझे तुकडे तुझ्या लोकरीमुळे अडकलेत?”

“बहुतेक.”

“बहुतेक म्हणे!”

“जीवन, प्रश्न विचार. भांडण नंतर,” सानप सर म्हणाले. “प्रश्न आहे का?”

“आहे ना. एवढं उडतं तर पूर्ण जाळून का टाकत नाही? खेळ खलास.”

“जळतो. पहिल्या खेपेला मी तेच केलं. सहाशेच्या वर ठेवून विसरले. ट्रेमध्ये जवळजवळ काही उरलं नाही. म्हणजे एवढ्या खटपटीने बनवलेला तंतू आपण धूर करून सोडला. आणि रेझिनचा धूरही तसाच सोडून चालत नाही.”

सानप सरांनी घडी सोडली. “दुसऱ्या खेपेचा हा तंतू. मजबूत किती आहे?”

तिच्या कागदावर उत्तर तयार होतं: नव्याइतकाच. तिने कागद पालथा केला.

“माहीत नाही, सर. मोजला नाही. बोटांनी ओढला तर नव्यापेक्षा लवकर तुटतो. उघड्या हवेत केल्यामुळे त्याचा पृष्ठभाग खाल्ला गेला असणार. वाचलंय त्यात नायट्रोजनमध्ये नीट केलेल्या तंतूची बरीच ताकद टिकते, पण त्यावरचा मूळचा लेप जातो आणि तो असा पिंजल्यासारखा, आखूड निघतो. म्हणजे तो परत विमानात जाणार नाही. चटईसारखा थर करून किंवा साच्यात ओतायच्या मालात मिसळून वापरता येईल. हवा किती वेळ दिली की काजळी जाते आणि तंतू राहतो, तेच मला प्रोजेक्टमध्ये बघायचंय.”

“दिलं तर,” जीवन पुटपुटला.

“दिलं तर,” ती म्हणाली.

सर उठले. “चला. सगळे.”

प्रयोगशाळेत पुंजामामांनी मेन स्विच बंद केला आणि पेटीचं झाकण काढलं. सर चष्मा कपाळावर ढकलून वाकले. जीवनने टॉर्च धरला, सरळ.

“तिरका धर,” यशश्री म्हणाली.

त्याने तिरका केला. “आयला,” तो म्हणाला, आणि सर शेजारी आहेत हे आठवून गप्प बसला. पट्टीवर, तापमान मोजणाऱ्या तारेच्या टोकांपाशी, चार-पाच काळे तंतू आडवे पडले होते.

ब्रश आणि स्पिरिट यशश्रीच्या पिशवीतच होतं. तिने ते काढलेलं बघून पुंजामामा म्हणाले, “ताई तयारीनंच आली हाय.” तंतू टिपून झाले, झाकण लागलं, स्विच चालू झाला. गार भट्टीच्या पेटीवर सव्वीस अंश आले. खोलीत भिंतीवरचा तापमापकही तेवढंच दाखवत होता.

जीवनने मोठा सुस्कारा सोडला. मग म्हणाला, “सर, तिने सांगितलं नसतं तर पेटी दुरुस्तीला पुण्याला गेली असती. महिनाभर तरी.”

“ते मला कळतंय. तू वकिली करू नकोस.” सर यशश्रीकडे वळले. “भट्टी आधी जीवनला. त्याचे तुकडे थांबलेत. ते झाले की तुला, नायट्रोजनसकट. पण तोपर्यंत तू एक पेटी बनवायचीस. बंद, काचेची, हात घालायला मोजे बसवलेली आणि हवा गाळून बाहेर सोडणारी. ट्रे उघडेल तो तिच्यातच. पेटी पास झाली नाही तर तंतू नाही. कबूल?”

“कबूल, सर.”

“आणि ते भाषणातलं ‘निरुपद्रवी’ होतं ना, मला आधी दाखवलेल्या प्रतीत? ते खोड.”

“खोडलंय, सर.”

बाहेर पडताना जीवन म्हणाला, “पेटीला मोजे म्हणजे भांडी घासायचे रबरी चालतील. घोटीत मिळतात. आणू का?”

“आण. पण माझ्या मापाचे.”

“लोकर नाचवायला मापाचे कशाला लागतात?” असं म्हणत तो एसटी पकडायला पळाला.

संध्याकाळी ती थेट मंदिरातच गेली. बुवांचं कीर्तन रंगात आलं होतं. बाटली पिशवीत होती, बूच घट्ट. तरीही तिने पिशवी सभामंडपाबाहेर, चपलांशेजारी ठेवली आणि मग आत येऊन आईजवळ बसली.

“काय झालं?” उत्तराबाईंनी टाळ न थांबवता विचारलं.

“मिळाली. जीवननंतर.”

उत्तराबाईंनी मान हलवली आणि दुसरी टाळजोडी तिच्यापुढे सरकवली. बुवांनी बोलता बोलता दोघींकडे एकदा बघितलं. मुलीच्या कपाळावरचा बुक्का अजून तसाच होता. त्यांना विचारायची गरज वाटली नाही. ते पुढच्या प्रसंगाकडे वळले आणि पेटीतला षड्ज त्यांच्यामागे स्थिर वाजत राहिला.